शब्द सगळे ओळखीचे, तरी लांब अरबी वाक्य लागत नाही

मिरकरवाडी
नमस्कार मंडळी. इथे अरबी शिकणारे आणि शिकवणारे दोघेही आहेत, म्हणून विचारते.

अरबी शिकायला लागून काही वर्षं झाली. धातू, वज़न, क्रियापदाची रूपं हे सगळं झालंय. शब्दही वाढताहेत. आमचा रत्नागिरीत मासळीचा व्यवसाय आहे आणि माल ओमानला जातो, त्यामुळे तिकडच्या बंदरांच्या बातम्या मी रोज वाचते. छोटं वाक्य आलं की अडत नाही. दीड-दोन ओळींचं वाक्य आलं की प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असूनही शेवटी कोणी काय केलं ते सांगता येत नाही. आधी वाटायचं शब्द कमी पडताहेत. म्हणून आणखी पाठ केले, पण फरक पडला नाही.

परवाचं एक वाक्य देते. इथे अरबी लिपी टाकली की शब्दांचा क्रम उलटसुलट दिसतो, म्हणून देवनागरीत लिहिते. अर्थात छापील बातमीत ज़ेर-ज़बर, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, काही नव्हत्या.

अअलनत सुल्तातुल मीनाइ अम्सि अन्ना सफ़ीनत सैदिन कानत तुक़िल्लु इस्नै अशर बह्हारन ग़रिक़त क़ुबालतस साहिलि.

मी लावलेला अर्थ: बंदराच्या अधिकाऱ्यांनी काल जाहीर केलं की मासेमारीची एक नौका बारा खलाशी नेत होती. इथे माझ्या डोक्यात वाक्य संपलं. मग ‘ग़रिक़त’, म्हणजे बुडाली, हे कुठून आलं? कोण बुडालं? पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि दर वाक्याला हेच. यातून पुढे कसं जायचं?

वेळणेश्वर_किनारा
ताई, एराब पक्का करा, म्हणजे शब्दाच्या शेवटच्या मात्रेवरून त्याचं वाक्यातलं काम ओळखायला शिका, दुसरा उपाय नाही. माझा साधा नियम आहे: अरबीत क्रियापद आधी येतं आणि त्याच्या मागून येणारं पहिलं नाम हा कर्ता. क्रियापद शोधा, पुढचं नाम धरा, की वाक्य सुटलं. अअलनत, कोणी? सुल्तातुल मीना. झालं.

गल्फ_रिटर्न_चिपळूण
मी बरीच वर्षं मस्कतला होतो. व्याकरण वगैरे काही शिकलो नाही, दुकानात उभा राहून बोलता यायला लागलं. अरबांशी बोलत राहा ताई, भीड चेपली की आपोआप येतं. तिथली माणसं फार प्रेमाने चुका सुधारतात.

मिरकरवाडी
गल्फ रिटर्न दादा, बोलायला मला फारशी अडचण येत नाही. फोनवर आमच्या गिऱ्हाइकांशी बोलते. पण बोलताना कोणी दोन ओळींचं वाक्य वापरत नाही, आणि ती भाषाही बातमीपेक्षा वेगळी. माझा प्रश्न फक्त वाचनाचा आहे.

वेळणेश्वर, तुमच्या नियमाने पहिलं क्रियापद सुटलं. पण ‘कानत तुक़िल्लु’च्या पुढे पहिलं नाम तर बारा खलाशी येतं. मग खलाशी कर्ता झाले का?

बाणकोट_खाडी
मी अनेक वर्षं हायस्कूलला अरबी शिकवली. ताईंची अडचण मला वर्गात दरवर्षी दिसायची, आणि नेमकी याच टप्प्यावर.

आधी एक तपासणी करून घ्या. अडलेल्या वाक्यातल्या सगळ्या शब्दांचे अर्थ शेजारी लिहून काढा. मग स्वतःला विचारा: क्रिया किती, आणि प्रत्येक क्रिया कोणाची? अर्थ समोर असताना हे सांगता आलं तर शब्दच कमी होते. तरीही सांगता आलं नाही तर आणखी शब्द पाठ करून उपयोग नाही. ताईंनी हे न सांगताच केलंय, अर्थ सगळे बरोबर आहेत.

आता वाक्य घेऊ. छापात ‘अलिफ़-नून’ एवढंच दिसतं. ते ‘अन’ आहे की ‘अन्ना’? पुढचा शब्द पाहा. क्रियापद असेल तर बहुतेक ‘अन’. नाम असेल तर ‘अन्ना’. इथे पुढे सफ़ीना आहे, म्हणजे ‘अन्ना’. आणि ‘अन्ना’ आलं की दोन गोष्टी मिळाल्याशिवाय ते पुरं होत नाही: एक नाम, आणि त्या नामाबद्दल सांगितलेली गोष्ट. नाम मिळालं. सांगायची गोष्ट बाकी राहिली. ही बाकी मनात उघडी ठेवूनच पुढे वाचायचं.

पुढे येतं ‘कानत तुक़िल्लु’. ताईंनी इथेच बाकी चुकती केली, आणि अडचण इथेच झाली. ‘सफ़ीनत सैदिन’ म्हणजे कुठलीतरी एक मासेमारी नौका, ‘अल’ नाही. ‘अल’ नसलेल्या नामाला लागून क्रियापद आलं तर ते त्या नामाचं वर्णन असू शकतं. ‘अल’ असतं तर ‘अल्लती’ मध्ये आलं असतं आणि तुम्ही सावध झाला असतात. ‘अल’ नसेल तेव्हा अरबी ते जोडणारं सर्वनाम घालतच नाही. जोड असते, पण दिसत नाही.

आपल्याला हे जड का जातं तेही सांगतो. मराठीत आपण ‘जी नौका बारा खलाशी नेत होती ती बुडाली’ म्हणतो. ‘जी’ने वर्णन सुरू झाल्याचं कळतं आणि ‘ती’ने संपल्याचं कळतं. नाहीतर ‘बारा खलाशी नेणारी नौका’ म्हणतो, तेव्हा वर्णन नामाच्या आधीच आटपतं. अरबीच्या या रचनेत ‘जी’ही नाही आणि ‘ती’ही नाही. वर्णन सुरू कुठे झालं आणि संपलं कुठे, दोन्ही वाचणाऱ्यानेच ओळखायचं.

मग संपलं कुठे? ‘बह्हारन’पाशी. अकरा ते नव्याण्णव आकड्यांनंतरचं नाम एकवचनी येतं आणि त्याच्या शेवटी ‘अन’ हा प्रत्यय लागतो. छापात हा शेवटचा अलिफ़ स्पष्ट दिसतो, ज़ेर-ज़बर नसलं तरी. आकडा मिळाला, मोजायची वस्तू मिळाली, ‘नेत होती’ची कर्म-बाजू पुरी झाली. आता पुढचं क्रियापद ‘ग़रिक़त’. त्याच्या शेवटी ‘त’ आहे, म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन. खलाशी बुडाले असते तर ‘ग़रिक़ू’ आलं असतं. वाक्यात स्त्रीलिंगी, एकवचनी आणि जिची बाकी उघडी आहे अशी एकच गोष्ट आहे: सफ़ीना. बाकी फिटली.

बारा खलाशी नेत असलेली मासेमारीची एक नौका किनाऱ्यासमोर बुडाली, असं बंदराच्या अधिकाऱ्यांनी काल जाहीर केलं. खलाशांचं काय झालं ते या वाक्यात नाही, ते पुढच्या वाक्यात शोधा.

मिरकरवाडी
सर, ‘ग़रिक़त’चा ‘त’ मी पाहिलाच नव्हता. म्हणजे डोळ्यांनी पाहिला, पण त्याचा उपयोग करायचा असतो हे कधी मनात आलं नाही. व्याकरणाच्या पुस्तकात तो रूपांच्या तक्त्यात होता, तिथेच राहिला.

एक शंका. ‘अल’ नसलेल्या नामामागचं क्रियापद हे नेहमीच वर्णन असतं असं धरून चालू का?

वेळणेश्वर_किनारा
हो, नेहमीच. आमच्या उस्तादांनी पाठ करून घेतलं होतं: वाक्य नकिरानंतर, म्हणजे अनिश्चित नामानंतर आलं तर सिफ़त, म्हणजे वर्णन; मारिफ़ानंतर, म्हणजे निश्चित नामानंतर आलं तर हाल, म्हणजे त्या वेळची अवस्था.

बाणकोट_खाडी
वेळणेश्वर, ते सूत्र खरं आहे आणि जुनं आहे. वर्गात मीही तेच शिकवलं. पण ते लागू होतं वाक्याची मुख्य गरज भागल्यानंतर जे उरतं त्याला. बातमी एवढीच असती की ‘अन्ना सफ़ीनतन ग़रिक़त’, तर? नाम ‘अल’शिवाय, मागून क्रियापद. सूत्र डोळे मिटून लावलं तर ‘बुडालेली एक नौका’ होईल, आणि मग ‘अन्ना’ची बाकी कोण फेडणार? पुढे पूर्णविराम. म्हणून इथे ‘ग़रिक़त’ हीच सांगायची गोष्ट.

ताई, म्हणून लगेच निर्णय घ्यायचा नाही. क्रियापद दिसलं की दोन्ही शक्यता धरून पुढे जायचं. पुढे आणखी एक क्रियापद त्याच नामाशी जुळणारं आणि मध्ये ‘व’ नसलेलं मिळालं, तर पहिलं वर्णन होतं. नाही मिळालं, तर पहिलंच मुख्य.

आणि कर्त्याच्या नियमाबद्दल. पहिलं नाम हा कर्ता हे पुष्कळदा जमतं, पण लांब वाक्यात नेमकं तिथेच फसायला होतं. ‘तुक़िल्लु’चा कर्ता त्याच्या पोटातच आहे, सुरुवातीचा ‘तु’ सफ़ीनाकडे बोट दाखवतो. त्याच्या पुढे नाम शोधायला गेलात की खलाशी हाती लागतात. शिवाय ‘इस्नै’ असं रूपच सांगतं की ते कर्ता नाही, कर्ता असता तर ‘इस्ना’ असतं. तेही छापात दिसतं, एकात ‘या’ आहे आणि दुसऱ्यात अलिफ़.

दाभोळ_धक्का
मध्येच विचारतो, माफ करा. धाकटा भाऊ कतारला चाललाय. करारनामा अरबीत आहे, सोबत इंग्रजी प्रत आहे पण ती फार तुटक. मला लिपी वाचता येते, अर्थ अर्धवट. एक कलम असं:

ला यजूज़ु लित्तरफ़िस सानी अल अमलु लदल ग़ैरि इल्ला बिमुवाफ़क़तिन ख़त्तिय्यतिन मिनत तरफ़िल अव्वलि.

‘तरफ़ सानी’ म्हणजे दुसरा पक्ष, भाऊ. वेळणेश्वर यांच्या नियमाने दुसरा पक्ष कर्ता. मग ‘दुसरा पक्ष चालत नाही’ असं काहीतरी होतंय. भावाने सही करावी का?

वेळणेश्वर_किनारा
इथे माझा नियम बसत नाही हे मान्य. ‘लि’ लागलंय ना त्याला.

बाणकोट_खाडी
बरोबर ओळखलंत, ‘लि’ लागलाय म्हणून. ‘लि’, ‘बि’, ‘फ़ी’, ‘अला’ असलं काही ज्या नामाच्या डोक्यावर बसलंय ते कर्ता होऊ शकत नाही, कितीही पहिलं असलं तरी. ते बाजूला ठेवा आणि पुढचं नाम घ्या: ‘अल अमल’, काम करणं. चालत नाही काय? काम करणं. कोणाला? दुसऱ्या पक्षाला. कोणाकडे? इतरांकडे. अपवाद? पहिल्या पक्षाच्या लेखी संमतीने. म्हणजे मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भावाला दुसरीकडे काम करता येणार नाही.

‘ला’ आणि ‘इल्ला’ ही जोडी करारात सतत येते. ‘ला’ दिसला की ‘इल्ला’ कुठे आहे ते आधी पाहून घ्या, मधलं मग वाचा.

सही करावी की नाही हे मी सांगू शकत नाही, दादा. कलमाचा अर्थ सांगितला. पूर्ण करारनामा जाणकार माणसाकडून वाचून घ्या, विशेषतः पगार, मुदत आणि नोकरी सोडण्याची कलमं.

दाभोळ_धक्का
आभारी आहे सर. इंग्रजी प्रतीत ‘लेखी’ हा शब्दच नव्हता. बाकीची कलमं वाचून घेतो कोणाकडून तरी.

हबसाण_मुरूड
मी लहानपणी मकतबात कुराणशरीफ वाचायला शिकले. अर्थ नंतर शिकले, अजून शिकतेय. तिथे ओळीच्या वर बारीक अक्षरं असतात. मीम असेल तर थांबायचंच, लाम-अलिफ़ असेल तर थांबायचं नाही, जीम असेल तर थांबलं तरी चालतं. आपा शिकवायच्या की चुकीच्या जागी दम तोडलास तर अर्थ तुटतो. बातमी वाचताना मला सारखं वाटतं की ही अक्षरं इथे असती तर किती बरं झालं असतं. स्वल्पविरामावर भरवसा ठेवावा का?

बाणकोट_खाडी
हबसाण ताई, फार चांगलं आठवलंत. स्वल्पविरामावर भरवसा नको. अरबी वर्तमानपत्रात तो कुठे पडेल याचा नेम नसतो, आणि पुष्कळदा पानभर नसतोच.

पण ती खूण तुम्ही स्वतः घालू शकता. मुसहफ़मधल्या त्या खुणा जाणकारांनी अर्थ पाहूनच ठरवल्या आहेत. बातमीचा छापील कागद घ्या, पेन्सिल घ्या, शब्दकोश बंद ठेवा. मिरकरवाडीताईंच्या वाक्यात ‘सैदिन’ आणि ‘कानत’ यांच्या मध्ये लाम-अलिफ़ काढा: इथे थांबू नकोस, हे जोडलेलं आहे. ‘बह्हारन’वर जीम काढा: इथे श्वास घेतला तरी चालेल, वर्णन संपलंय. मग मोठ्याने वाचा. खूण कुठे घालावी यावर जिथे अडाल तीच जागा समजलेली नाही. तेवढ्याच जागेसाठी मेहनत घ्यायची, सगळ्या वाक्यासाठी नाही.

रोज एकच परिच्छेद पुरे. पण त्यातलं प्रत्येक क्रियापद कोणाचं आहे हे बाण काढून दाखवल्याशिवाय सोडू नका.

मिरकरवाडी
सर, आज तसंच केलं. हे वाक्य घेतलं:

अद्दा इर्तिफ़ाउल अमवाजिल लज़ी बदआ मसाअल ख़मीसि इला तअलीक़ि रिहलातिल अब्बाराति.

माझं वाचन: लाटांची वाढ... ज्या गुरुवारी संध्याकाळपासून सुरू झाल्या ते... फेऱ्या स्थगित होईपर्यंत. ‘इला’ म्हणजे ‘पर्यंत’ घेतलं. गुरुवार संध्याकाळपासून अमुकपर्यंत असं छान बसतही होतं. पण मग ‘अद्दा’ला काही अर्थच उरेना. बाण काढायला गेले तेव्हा ते एकटं राहिलं.

हबसाण_मुरूड
‘अद्दा’ला ‘इला’ लागतोच ना? अमुक गोष्टीने तमुककडे नेलं, म्हणजे अमुकमुळे तमुक झालं. तो ‘इला’ त्याचा आहे, गुरुवारचा नाही.

मिरकरवाडी
अरे हो! लाटा उसळल्यामुळे फेरीबोटींच्या फेऱ्या स्थगित. आता सरळ झालं. पावसाळ्यात आपल्याकडे दाभोळ-धोपावेला होतं तसं.

बाणकोट_खाडी
शाबास, दोघींनाही. शब्द पाठ करताना ‘अद्दा’ एकटं पाठ केलं तर हे असं होतं. ‘अद्दा इला’ असंच वहीत लिहा, ‘असफ़रा अन’ तसंच लिहा. मग ‘अद्दा’ दिसल्याबरोबर मन ‘इला’ची वाट पाहू लागतं आणि मधले पाच-सहा शब्द गेले तरी ते विसरत नाही. ताईंच्या वहीत शब्द भरपूर आहेत. आता प्रत्येक क्रियापदापुढे त्याचं अव्यय लिहून काढलं तर नवे शब्द शिकण्यापेक्षा जास्त फायदा होईल.

अजून एक पाहा. ताईंनी ‘ज्या सुरू झाल्या’ म्हटलं, म्हणजे लाटा. पण ‘अल्लज़ी’ पुल्लिंगी एकवचनी आहे. माणसांखेरीज इतर गोष्टींच्या अनेकवचनाला अरबी स्त्रीलिंगी एकवचन धरते, म्हणून लाटांसाठी ‘अल्लती’ आणि ‘बदअत’ आलं असतं. ‘अल्लज़ी’ गेला तो ‘इर्तिफ़ा’कडे. सुरू झाली ती वाढ. अर्थात इथे फरक लहान आहे, पण करारात हाच फरक रक्कम कोणी द्यायची ते ठरवतो.

वेळणेश्वर_किनारा
सर, माझं अजूनही मत आहे की सुरुवातीला ज़ेर-ज़बर लावलेला मजकूर वाचावा. एवढी मेहनत आपोआप वाचते.

बाणकोट_खाडी
माझं मत वेगळं आहे. ज़ेर-ज़बर असलेल्या मजकुरात डोळा शेवटच्या मात्रेवर बसतो आणि ‘त’, ‘या’, ‘अल’ या कायम छापल्या जाणाऱ्या खुणा दुर्लक्षित राहतात. मग बातमी हातात आली की आधार सुटतो. पण माझे काही विद्यार्थी तुमच्या वाटेने गेले आणि उत्तम वाचू लागले, हेही खरं.

हबसाण_मुरूड
मी कुराणशरीफवर शिकले, म्हणजे वेळणेश्वर भाऊंच्याच वाटेने. उच्चार कधी चुकला नाही. वर्तमानपत्र मात्र मोठेपणी नव्याने शिकावं लागलं. दोन्हींच्या बाजूने बोलता येईल मला.

मिरकरवाडी
एक शेवटचं. ‘मुदीरुल मस्नइल जदीद’. बर्फ कारखान्याची बातमी आहे. नवा व्यवस्थापक, की नव्या कारखान्याचा व्यवस्थापक? बाण कुठे काढू? दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही एकवचनी, ‘अल’सुद्धा दोन्हींकडे धरता येतो.

वेळणेश्वर_किनारा
बघा, इथे ज़ेर-ज़बर हवंच! ‘जदीदु’ असेल तर व्यवस्थापक नवा, ‘जदीदि’ असेल तर कारखाना.

बाणकोट_खाडी
इथे वेळणेश्वर पूर्ण बरोबर आहेत. छापील अक्षरांतून हे ठरत नाही. व्यवस्थापक बाई असत्या तर ‘मुदीरतुल मस्नइल जदीदा’ने सुटलं असतं, इथे नाही. दोन्ही बाण काढा, प्रश्नचिन्ह करा आणि पुढे वाचा. नेमणुकीची बातमी असेल तर पुढे आधीच्या व्यवस्थापकाचा उल्लेख येईल, उद्घाटनाची असेल तर जागेचा किंवा खर्चाचा येईल. पुढचा परिच्छेद इथे टाकता का?

मिरकरवाडी
कागद गोदामात राहिलाय सर. उद्या टाकते.